जिभेखालची गोळी आणि पाकिटातली गोळी

ज्या घरात हृदयविकाराचा एखादा रुग्ण आहे, त्या घरात सॉर्बिट्रेट हे नाव शाळकरी नातवालाही ठाऊक असतं. 5 मिलिग्रॅमची ती बारीकशी गोळी आजोबांच्या शर्टाच्या खिशात असते, देवघराच्या कप्प्यात असते, सुनेच्या पर्समध्येही असते. छातीत दुखायला लागलं की जिभेखाली ठेवायची, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच घरात कधी कधी आणखी एक गोळी असते. ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, जुन्या पावत्यांच्या घडीत दडवलेली असते आणि तिच्याबद्दल एका माणसाखेरीज घरात कुणाला काही माहीत नसतं. पुष्कळदा बायकोलाही नसतं.

ही दुसरी गोळी लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतात. लोक तिला सरसकट व्हायग्रा म्हणतात. औषधाचं खरं नाव सिल्डेनाफिल, नाहीतर टाडालाफिल. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी चांगल्या आहेत. सॉर्बिट्रेटने छातीतली कळ थांबते, सिल्डेनाफिलने अनेक जोडप्यांचं सहजीवन सावरलं आहे. पण काही तासांच्या अंतराने या दोन्ही एकाच शरीरात पोचल्या, तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस दगावतो. गोळी देताना कुणी एक प्रश्न विचारला, तर हा धोका पूर्णपणे टळतो. आपल्याकडे तो प्रश्न फारसा विचारला जात नाही, म्हणून हा लेख.

या दोन गोळ्यांची गाठ पडण्यामागे एक कारण आहे. सिल्डेनाफिल मुळात ताठरतेसाठी शोधलेलं औषध नव्हतंच. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सँडविच नावाचं एक गाव आहे. तिथल्या फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ छातीतल्या कळेवर, म्हणजे अंजायनावर औषध शोधत होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करील असं रसायन त्यांना हवं होतं. सिल्डेनाफिल तयार झालं, माणसांवर चाचण्याही झाल्या. हृदयासाठी ते फारसं उपयोगी ठरलं नाही, पण चाचणीतले पुरुष एक वेगळाच परिणाम सांगू लागले. तोच धागा पकडून पुढे काम झालं आणि 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ताठरतेच्या तक्रारीवरची गोळी म्हणून त्याला मान्यता दिली. म्हणजे सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल ही एकाच वाटेवरची औषधं आहेत. दोन्ही रक्तवाहिन्याच सैल करतात.

कसं, ते थोडं जवळून पाहू. लैंगिक उत्तेजना आली की मेंदूकडून निघालेला संदेश लिंगातल्या नसांपर्यंत पोचतो आणि तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्याच्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल करतं, लिंगातल्या स्पंजासारख्या पोकळ्यांत रक्त भरतं आणि ताठरता येते. काम झाल्यावर पीडीई-5 नावाचं एक विकर हे रसायन मोडून टाकतं. सिल्डेनाफिल त्या विकराला अडवतं, म्हणून रसायन जास्त वेळ टिकतं. एवढंच या गोळीचं काम. ती इच्छा निर्माण करत नाही आणि उत्तेजनेशिवाय नुसती गिळून काही घडत नाही.

सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन या औषधांच्या गटाला नायट्रेट म्हणतात. ती शरीरात गेल्यावर तोच नायट्रिक ऑक्साइड पुरवतात, पण एका जागी नाही, साऱ्या अंगभर. आता मोरीचा विचार करा. नायट्रेट म्हणजे सोडलेला नळ, पीडीई-5 म्हणजे पाणी वाहून नेणारी जाळी. नुसता नळ सोडला तरी चालतं, कारण जाळीतून पाणी जातं. नुसती जाळी बंद केली तरी थोडंच साचतं. नळ सोडून जाळीत बोळा कोंबला, की मोरी भरून पाणी घरात येतं. सीजीएमपीचं तसंच होतं. ते अंगभर साचत जातं, सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि त्यातल्या रक्ताला दाबच उरत नाही.

एकट्या सिल्डेनाफिलने निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब सरासरी 8 अंकांच्या आसपास उतरतो. 130 चा 122 झाला, तर कुणाला जाणवतही नाही. नायट्रेट सोबत आलं की या उतरणीला तळ राहत नाही.

आता एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. हा कुणा एका व्यक्तीचा किस्सा नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट रोज कुठे ना कुठे घडण्यासारखी आहे. समजा, सांगलीतले एक गृहस्थ आहेत, वय 58. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी हे सगळं ते नेमाने घेतात. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं आहे, सॉर्बिट्रेट 5, छातीत दुखल्यास जिभेखाली. गेल्या वर्षभरात त्यांना ती एकदाही लागलेली नाही. पण ताठरता पूर्वीसारखी येत नाही. हे डॉक्टरांना सांगायचं, तर केबिनमध्ये सोबत मुलगा बसलेला असतो. मग एका मित्राने नाव सांगितलं आणि त्यांनी दुकानातून सिल्डेनाफिल 50 मिलिग्रॅमची एक गोळी आणली. हृदयाच्या रुग्णांनी सॉर्बिट्रेटवर ही गोळी घेऊ नये, हे त्यांनी कुठेतरी वाचलंही होतं. पण त्यांच्या मनात आलं, मी सॉर्बिट्रेट रोज कुठे घेतो?

नेमकी इथेच चूक होते. नायट्रेट रोज घ्या किंवा फक्त लागल्यावर घ्या, मनाई सारखीच आहे. कारण लागल्यावर म्हणजे नेमकं कधी, हे आपल्या हातात नसतं. आणि ज्या रात्री श्रम होतात, त्याच रात्री ती लागण्याची शक्यता जास्त असते.

शनिवारी रात्री साडेनऊला त्यांनी गोळी घेतली. पावणेअकराला छातीत दाब आल्यासारखं झालं, डावा हात जड झाला, घाम फुटला. पत्नी घाबरली, देवघराकडे धावली आणि शिकवल्याप्रमाणे सॉर्बिट्रेट त्यांच्या जिभेखाली ठेवली. तिने काहीच चुकीचं केलं नाही. तिला पाकिटातली गोळी माहीत नव्हती, आणि माहीत असती तरी त्या गोळीचा या गोळीशी काय संबंध, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जिभेखाली ठेवलेली सॉर्बिट्रेट साधारण 2 ते 5 मिनिटांत काम सुरू करते. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वरचा रक्तदाब 80 च्या खाली गेला. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महारोहिणीच्या मुळाशी फुटतात, तिथे दाब असेल तरच त्यांत रक्त शिरतं. ज्या धमनीत आधीच अडथळा आहे, तिला तर तो दाब जास्तच लागतो. दाब पडला की अडथळ्यापलीकडच्या स्नायूला रक्त मिळत नाही. छातीतली कळ थांबवायला दिलेली गोळी अशा वेळी हृदयाचीच उपासमार करते. कळ वाढते. घरच्यांना वाटतं, एका गोळीने उतार नाही, आणखी एक द्यावी. मग दुसरी दिली जाते.

तोवर रुग्णवाहिका येते. मुलगा आणि शेजारी मिळून त्यांना उभं करून जिना उतरवू लागतात. रक्तदाब पडलेला माणूस उभा राहिला की उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं आणि तो जिन्यातच कोसळतो. पुढे रुग्णालयात ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, “काका, दुसरी कुठली गोळी घेतली होती का?” काका शुद्धीवर असले, तरी समोर मुलगा आणि सून उभे असतात. ते मान हलवून नाही म्हणतात. डॉक्टरच्या हातात नायट्रोग्लिसरीनचं इंजेक्शन असू शकतं, कारण छातीत कळ घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांना तेच दिलं जातं.

म्हणून छातीत दुखणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न विचारताना नातेवाईकांना आधी पडद्याबाहेर काढावं. चांगले डॉक्टर ते करतात. ते नावही घेऊन विचारतात, “व्हायग्रासारखी, ताकदीची म्हणतात तसली काही गोळी किंवा कॅप्सूल गेल्या दोन दिवसांत घेतली का? घेतली असेल तर औषध बदलावं लागेल, म्हणून विचारतोय.” असा कारणासकट विचारलेला प्रश्न माणसाला उत्तर देणं सोपं करतो.

दोन दिवस का? सिल्डेनाफिल शरीरातून लवकर जातं; ते घेतल्यानंतर निदान 24 तास नायट्रेट द्यायचं नसतं. टाडालाफिल मात्र रेंगाळतं. त्याचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो, म्हणून तिथे निदान 48 तास नायट्रेट टाळावं लागतं. त्यानंतरही ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरतं. वयस्कर माणसात किंवा यकृत, मूत्रपिंड नीट काम करत नसतील तर औषध आणखी रेंगाळतं.

अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखलंच, तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं. जे चाललं आहे ते तिथल्या तिथे थांबवायचं. सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. 108 ला फोन करायचा. ॲस्पिरिनशी या गोळीचं भांडण नाही. छातीत दुखल्यास ॲस्पिरिन चावून खा असं तुमच्या डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल, तर ती घेता येते. आणि येणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं, कुठली गोळी, किती वाजता. सॉर्बिट्रेट आधीच दिली गेली असेल आणि चक्कर येत असेल, तर माणसाला सपाट झोपवून पाय उशांवर उंच करावेत, त्याला चालवू नये, दुसरी गोळी देऊ नये. या दोन औषधांच्या एकत्र परिणामावर उतारा नाही. रुग्णालयात शिरेतून सलाइन देतात, गरज पडली तर रक्तदाब वाढवणारी औषधं देतात आणि औषधाचा अंमल उतरेपर्यंत लक्ष ठेवतात. कळेवर नायट्रेटखेरीज इतर उपाय डॉक्टरांकडे असतात. फक्त त्यांना खरं कळायला हवं.

नायट्रेट म्हणजे एकटी सॉर्बिट्रेट नव्हे, हेही सांगायला हवं. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट हे सॉर्बिट्रेटमधलं औषध. त्याचा भाऊ आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. ही गोळी अनेक जण सकाळ-दुपार नियमित घेतात आणि तिला नुसतं ‘हार्टची गोळी’ म्हणतात. नायट्रोग्लिसरीन गोळीत असतं, जिभेखाली मारायच्या फवाऱ्यात असतं, छातीवर चिकटवायच्या पट्टीतही असतं. निकोरँडिल नावाचं औषधही अर्धंमुर्धं नायट्रेटच आहे, त्यालाही हीच मनाई. फुफ्फुसाच्या वाढलेल्या रक्तदाबावर रिओसिग्वॅट देतात, त्याच्यासोबतही ही गोळी चालत नाही. पार्ट्यांमध्ये हुंगायला मिळणाऱ्या पॉपर्स नावाच्या छोट्या बाटल्यांत ॲमिल नायट्राइट किंवा त्याच जातीचं रसायन असतं. त्याचाही परिणाम तसाच.

गफलत उलट बाजूनेही होते. टाडालाफिल 5 मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेट वाढल्यावर रोज घ्यायला दिली जाते. लघवीची धार सुधारावी म्हणून मूत्ररोगतज्ज्ञाने लिहिलेली गोळी घेणाऱ्या आजोबांना आपण ‘तसलं’ औषध घेतोय याची कल्पनाही नसते. सिल्डेनाफिलही फुफ्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबावर, अगदी बायकांना आणि लहान मुलांनाही देतात. म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे जाताना इतर सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही न्याव्यात. प्रोस्टेटवरच्या टॅमसुलोसिनसारख्या आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिनसारख्या गोळ्यांसोबत सिल्डेनाफिल पूर्ण वर्ज्य नाही, पण उभं राहताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो. तिथे डॉक्टर 25 मिलिग्रॅमने सुरुवात करतात.

नायट्रेट न घेणाऱ्यांतही काहींनी थांबायला हवं. नुकताच झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेले, थोड्याशा श्रमाने किंवा बसल्याबसल्या छातीत दुखणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले किंवा मुळातच फार कमी असलेले, यांचं हृदय आधी सावरावं लागतं. दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी ही गोळी टाळावी. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांनी विशेष जपायला हवं. या आजारात लिंगातलं रक्त परत न जाता तिथेच अडकून बसण्याचा धोका मुळातच असतो, गोळीने तो वाढतो. कुणाचीही ताठरता 4 तासांपेक्षा जास्त टिकली, तर ती कौतुकाची गोष्ट नाही. आतल्या ऊती कायमच्या निकामी होऊ शकतात. लाज बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावं. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा ऐकू येईनासं झालं तरीही तेच. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, वस्तूंवर निळसर झाक दिसणं हे मात्र नेहमीचे आणि बहुधा काही तासांत जाणारे त्रास आहेत.

हे सगळं वाचून एखाद्या हृदयरुग्णाला वाटेल, म्हणजे आपल्याला हा दरवाजा बंदच. तसं नाही. नायट्रेट न घेणारे, आजार स्थिर असलेले बरेच हृदयरुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधं घेऊ शकतात. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर बहुतेकांचं हृदय शरीरसंबंधाचा श्रम झेलू शकतं, असा डॉक्टरांचा ढोबळ अंदाज असतो. आणि नायट्रेट चालू असेल, तर ते खरंच अजून लागतं का, हेही विचारता येतं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन कळ थांबलेली असते, तरी जुन्या चिठ्ठीवरून मोनोनायट्रेट वर्षानुवर्षं चालू राहिलेलं असतं. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ ते थांबवू शकतात किंवा त्याऐवजी दुसऱ्या गटातलं औषध देऊ शकतात. हे त्यांनीच करायचं. आज शनिवार आहे म्हणून सकाळची मोनोनायट्रेट आपल्या मनाने चुकवायची आणि रात्री दुसरी गोळी घ्यायची, हा हिशेब जिवावर बेतू शकतो.

डॉक्टरकडे जाण्याचं दुसरंही कारण आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकंच मोठं आहे. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास 1 ते 2 मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा 3 ते 4. रक्तवाहिन्यांत चरबीची पुटं चढायला लागली, त्यांचं अस्तर बिघडायला लागलं, की बारीक नळी आधी कुचकामी होते. त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या माणसात ताठरतेची तक्रार ही कधी कधी हृदयविकाराची दोन-चार वर्षं आधी आलेली सूचना असते. मधुमेहाचंही तसंच. ताठरता येत नाही म्हणून तपासायला आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं वाढलेली साखर आहे, हे त्याच दिवशी कळतं. डॉक्टर रक्तदाब मोजतात, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल पाहतात, ईसीजी काढतात, गरज वाटली तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन तपासतात. झोपेतून उठताना ताठरता येते का, तंबाखू-दारू किती, कुठली औषधं चालू आहेत, घरात ताण काय, हे विचारतात. दुकानातून परस्पर गोळी आणणारा माणूस तक्रारीवर पडदा टाकतो आणि सूचना न वाचताच फाडून टाकतो.

आता त्या दुकानाकडे येऊ. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही आपल्या कायद्याने शेड्यूल एचमधली औषधं आहेत. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात, तसा इशारा पट्टीवर छापलेला असतो. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो. गिऱ्हाईक बाकीची माणसं जाईपर्यंत खोकल्याचं औषध बघत उभं राहतं. मग हळूच म्हणतं, “ती एक द्या.” दुकानदार चार गोळ्यांच्या पट्टीतून कात्रीने एक गोळी कापतो, कागदात गुंडाळतो, पैसे घेतो. दोघांनाही हे लवकर संपवायचं असतं. त्या कात्रीने काय कापलं गेलं, हे पाहण्यासारखं आहे. औषधाचं नाव पट्टीच्या एका टोकाला, किती मिलिग्रॅम ते दुसरीकडे, मुदत आणि बॅच क्रमांक तिसरीकडे. गिऱ्हाइकाच्या हातात येतो तो ॲल्युमिनियमचा एक चौकोन, ज्यावर कधी अर्धं ब्रँडनेम असतं, कधी तेही नसतं. पुढे रुग्णालयात डॉक्टरने विचारलं, तर 24 तास मोजायचे की 48, हे त्या चौकोनावरून कळणार नाही.

चिठ्ठी नसली की मात्राही अंदाजाने ठरते. दुकानदार 100 ची देतो, कारण ‘तीच चालते’. 65 च्या पुढच्या माणसाला सहसा 25 पासून सुरू करतात, हे तिथे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. रात्री मटणाचं तर्रीदार जेवण झालेलं असतं, दोन पेग झालेले असतात. तेलकट जेवणावर सिल्डेनाफिल रक्तात पोचायला तासभर जास्त लागतो. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो, आणि मग दोन्ही मिळून चढतात, वर दारूनेही रक्तदाब उतरलेला. खरं तर ही गोळी रिकाम्या किंवा हलक्या पोटी, तासभर आधी, आणि दिवसातून एकदाच घ्यायची असते. बुरशीवरचं इट्राकोनाझोल किंवा संसर्गावरचं क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर सिल्डेनाफिल यकृतात लवकर मोडत नाही आणि 50 ची गोळी जास्त मात्रेची होऊन बसते. शिवाय काही पट्ट्यांत सिल्डेनाफिलसोबत डॅपोक्सेटिन हे शीघ्रपतनावरचं औषध एकत्र केलेलं असतं. दारूवर डॅपोक्सेटिन घेतलं तर घेरी येऊन माणूस पडू शकतो. एकाच कारणासाठी गेलेल्या माणसाच्या हाती दोन औषधं पडतात आणि त्याला ते माहीतही नसतं.

यापेक्षा अवघड प्रकार जडीबुटीच्या नावाने चालतो. हमरस्त्याच्या कडेचे तंबू, रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरच्या जाहिराती, मोबाइलवर येणाऱ्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ अशा कॅप्सूल. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने करायलाच बंदी आहे, तरी ती दिसत राहते. अशा ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये लपवून मिसळलेलं सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध प्रशासन गेली अनेक वर्षं देत आहे. कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात फरक पडला, चेहरा तापला, नाक चोंदलं, तर जडीबुटीला श्रेय देण्याआधी हीच शंका घ्यावी. आणि आपल्या सांगलीच्या गृहस्थांचा विचार करा. हृदयरुग्ण म्हणून त्यांनी इंग्रजी गोळी जाणीवपूर्वक टाळली, वैद्याची म्हणून कॅप्सूल घेतली आणि तरीही रात्री सॉर्बिट्रेटखाली तेच रसायन निघालं. रुग्णालयात विचारल्यावर ते प्रामाणिकपणे सांगतील, “व्हायग्रा नाही घेतली.” म्हणून आयुर्वेदिक कॅप्सूलचंही नाव डॉक्टरला सांगायचं, वेष्टनासकट.

भेसळ सिल्डेनाफिलवरच थांबत नाही. 2008 साली सिंगापूरमध्ये एक विचित्र साथ आली. मधुमेह नसलेले पुरुष रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून रुग्णालयात येऊ लागले. पहिल्या पाच महिन्यांत असे दीडशे रुग्ण आले, काही बेशुद्धावस्थेत, आणि चौघांचा मृत्यू झाला. शोध घेतल्यावर कळलं, की बेकायदा विकल्या जाणाऱ्या लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहावरचं औषध मोठ्या प्रमाणात मिसळलेलं होतं. ते तिथे कसं गेलं, याची घेणाऱ्याला कल्पनाच नव्हती. त्या रुग्णांतल्या बऱ्याच जणांनी आपण काय घेतलं, हे सुरुवातीला डॉक्टरांना सांगितलं नाही.

औषध दुकानदारांना एक विनंती. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नका, हे तर कायदाच सांगतो. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसालाही बाजूला घेऊन हळू आवाजात विचारा, “काका, हार्टची कुठली गोळी चालू आहे? खिशात सॉर्बिट्रेट असते का?” उत्तर हो आलं, तर गोळी परत कप्प्यात ठेवा आणि त्यांना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि वाचकहो, तुमच्या खिशात सॉर्बिट्रेट असेल, तर पुढच्या तपासणीला मुलाला बाहेर बसवा आणि डॉक्टरांना हा विषय तुम्हीच काढा. त्यांनी असे प्रश्न शेकडो वेळा ऐकलेले असतात.